ठोका कुठे पडतो?

रॉयल एनफिल्डच्या एखाद्या मोठ्या शोरूममध्ये गेलात तर विक्रेत्याला विनंती करून क्लासिक ३५० सुरू करून घ्यावी. मिनिटभर तिच्याजवळ उभं राहावं, मग ती बंद करून शेजारची इंटरसेप्टर ६५० सुरू करायला सांगावी. कंपनी एक, टाकीवरचं नाव एक, पण दोघींचा आवाज ऐकून त्या सख्ख्या बहिणी वाटत नाहीत. क्लासिकचे ठोके सुटे सुटे, जवळजवळ मोजता येतील असे पडतात. इंटरसेप्टरमध्ये मात्र दोन ठोके लागोपाठ, मग किंचित उसंत, पुन्हा दोन ठोके, अशी दुडक्या चालीची लय ऐकू येते. पहिली एका सिलिंडरची, दुसरी शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन सिलिंडरची, म्हणजे पॅरलल ट्विन. हार्ले-डेव्हिडसन किंवा डुकाटीच्या शोरूममध्ये तिसरा प्रकार भेटतो. तिथे दोन सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे फाकलेले असतात, म्हणून तो व्ही-ट्विन.

नवी गाडी घेणारा माणूस सीसी विचारतो, मायलेज विचारतो, फार तर हॉर्सपॉवर विचारतो. गाडी हातात आल्यावर रोज जे जाणवतं, म्हणजे सिग्नलवरून निघताना ती कशी उचलते, घाटात गिअर किती वेळा बदलावा लागतो, तासाभराने तळव्यांना मुंग्या येतात की नाही, त्यातलं फारसं काही या आकड्यांतून कळत नाही. त्यासाठी इंजिनात ठोका नेमका कधी पडतो हे आधी पाहावं लागतं.

चार स्ट्रोकच्या इंजिनाला एका ठोक्यासाठी चार कामं करावी लागतात. हवा-पेट्रोल आत ओढायचं, दाबायचं, पेटवायचं आणि धूर बाहेर टाकायचा. यात पिस्टन दोनदा खाली आणि दोनदा वर जातो, म्हणजे क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या होतात. एका फेरीचे अंश ३६०, दोन फेऱ्यांचे ७२०. या ७२० अंशांपैकी खरी ताकद मिळते ती फक्त पेटल्यानंतरच्या सुमारे १८० अंशांत. उरलेल्या ५४० अंशांत एका सिलिंडरचं इंजिन काहीच कमावत नाही, उलट खर्चच करतं. तेवढा वेळ क्रँकला फिरतं ठेवण्याचं काम जड फ्लायव्हील करतं.

इंजिन मिनिटाला १००० फेऱ्यांवर निवांत चालू असेल तर एका सिलिंडरमध्ये सेकंदाला आठच्या आसपास ठोके पडतात. एवढे ठोके कानाला सुटे ऐकू येतात. ज्याला लोक बुलेटचा बीट म्हणतात तो हाच. आता हीच गाडी कोणी टॉप गिअरमध्ये ताशी ३० किलोमीटरवर चालवून अॅक्सिलरेटर पिळला, तर दोन ठोक्यांमधलं अंतर लांबलेलं असतं आणि प्रत्येक ठोका मोठा असतो. चेन एकदा ताणली जाते, एकदा सैल पडते, आणि गाडी झटके मारायला लागते. त्यात इंजिनाचा दोष नाही. ५४० अंशांचा रिकामा पल्ला ओलांडण्याइतका वेग फ्लायव्हीलमध्ये उरलेला नसतो, एवढंच. गिअर एकने उतरवला की तक्रार थांबते.

(जाता जाता एक खुलासा. सायलेन्सर मोजून सिलिंडर ठरवू नयेत. जुन्या येझदी आणि जावाला दोन बाजूंना दोन सायलेन्सर होते, पण सिलिंडर एकच होता. २०१८ मध्ये परत आलेल्या जावाचीही तीच गोष्ट.)

आता एका समजुतीकडे वळू. ‘सिंगलला खालून पिकअप असतो, ट्विनला वरून पळ असतो’, असं गॅरेजपासून कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत ऐकायला मिळतं. त्यात तथ्य आहे, पण कारण चुकीच्या जागी शोधलं जातं.

क्लासिक ३५० चं ३४९ सीसीचं इंजिन जास्तीत जास्त २७ न्यूटन-मीटर टॉर्क देतं, तेही मिनिटाला ४००० फेऱ्यांवर. कावासाकी निंजा ३०० चं २९६ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन साधारण २६ न्यूटन-मीटर देतं, पण १०,००० फेऱ्यांवर. म्हणजे आपापल्या सर्वोत्तम जागी एका फेरीत दोघी जवळपास सारखंच काम करतात. फरक आहे तो ती जागा कुठे आहे यात. दोन लोहारांचा घण सारख्याच जोराचा असावा, पण एकाने तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त घाव घालावेत, तसं हे आहे. त्यामुळे क्लासिकची कमाल ताकद २० हॉर्सपॉवरच्या आसपास, ६१०० फेऱ्यांवर, आणि निंजाची ३९ च्या आसपास, ११,००० फेऱ्यांवर.

क्लासिकला ११,००० फेऱ्या का मारता येत नाहीत? तिचा पिस्टन एका स्ट्रोकमध्ये ८५.८ मिलिमीटर धावतो, निंजाचा फक्त ४९. गणित मांडून पाहिलं तर क्लासिकचा पिस्टन ६१०० फेऱ्यांवर सरासरी सेकंदाला साडेसतरा मीटर वेगाने धावतो, आणि निंजाचा ११,००० फेऱ्यांवर सुमारे अठरा मीटर. दोन्ही इंजिनं वेगवेगळी दिसतात, वेगवेगळी ऐकू येतात, पण पिस्टनला सोसणाऱ्या वेगाच्या हिशेबात दोघी एकाच मर्यादेजवळ उभ्या आहेत. लांब पल्ल्याच्या पिस्टनला ती मर्यादा लवकर गाठते, आखूड पल्ल्याच्या पिस्टनला उशिरा. सिलिंडर दोन केले की तेवढ्याच सीसीत प्रत्येक पिस्टन लहान, हलका आणि आखूड पल्ल्याचा होतो. म्हणून छोट्या ट्विन गाड्यांना वरच्या फेऱ्यांकडे नेणं सोपं जातं. तसंच करावं असा मात्र नियम नाही.

याचा पुरावा दोन्ही बाजूंनी मिळतो. केटीएमची ३९० ड्यूक चाकणच्या कारखान्यात बनते. २०२३ मध्ये आलेल्या तिच्या ३९९ सीसी इंजिनाला सिलिंडर एकच आहे, पण पिस्टन ८९ मिलिमीटर रुंद आणि त्याचा पल्ला केवळ ६४ मिलिमीटर. ही गाडी ८५०० फेऱ्यांपर्यंत ताकद वाढवत नेते आणि टॉप गिअरमध्ये रेंगाळायला नाराज असते. तिच्यात क्लासिकचा संथपणा शोधणाऱ्याची निराशा होईल. दुसरीकडे इंटरसेप्टर ही ट्विन. तिचा कमाल टॉर्क ५२ न्यूटन-मीटर, आणि कंपनीच्या सांगण्यानुसार त्यातला ८० टक्के टॉर्क २५०० फेऱ्यांनाच मिळतो. म्हणजे सुमारे ४२ न्यूटन-मीटर. एका सिलिंडरची क्लासिक आपल्या सर्वोत्तम क्षणी जेवढं ओढते त्याच्या दीडपट ही दोन सिलिंडरची गाडी जेमतेम जागी झालेली असतानाच ओढते. अर्थात सीसीही जवळपास दुप्पट आहे, हे विसरता कामा नये. पण खालून ओढ हवी तर सिंगलच घ्यावी लागते, ही समजूत इथे टिकत नाही.

म्हणून कागदावर कमाल टॉर्कचा आकडा वाचताना त्याच्या शेजारचा फेऱ्यांचा आकडा अधिक काळजीपूर्वक वाचावा. शहरात चालवणारा माणूस बहुतेक वेळ २५०० ते ५००० फेऱ्यांच्या दरम्यान असतो. त्या पट्ट्यात गाडी काय देते ते त्याला रोज मिळणार असतं. त्याच्या वरचं जे आहे ते क्वचितच.

पिकअपपेक्षा जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे थरथर, अर्थात व्हायब्रेशन. ठोक्यांची लय आणि थरथर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं होतं. लय ठरते पेट्रोल कधी पेटतं यावरून. थरथर मुख्यतः येते ती पिस्टन वरखाली होण्यामुळे. पेट्रोल न पेटवता बाहेरून मोटार लावून इंजिन फिरवलं तरी ते थरथरेल.

पिस्टन वर जाऊन थांबतो, उलटा फिरतो, खाली जाऊन पुन्हा थांबतो. क्लासिकमध्ये ४००० फेऱ्यांवर हे सेकंदाला सदुसष्ट वेळा घडतं. प्रत्येक वेळी पिस्टन इंजिनाला वर किंवा खाली हिसका देतो. क्रँकवर समोरच्या बाजूला वजन लावून तो हिसका कमी करता येतो. पण ते वजन गोल फिरतं, त्यामुळे वरखालीचा हिसका पूर्ण खोडायला गेलं तर तेवढाच हिसका पुढे-मागे सुरू होतो. जुन्या इंजिनांत त्यामुळे अर्ध्यावर तडजोड असायची. शिवाय हा हिसका फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. फेऱ्या दुप्पट झाल्या की थरथर चौपट होते. जुनी बुलेट ताशी साठला लोभस वाटायची आणि नव्वदला हँडल, पायदान, आरसे सगळं एकदम शहारायचं, त्याचं कारण हेच.

यावर उपाय म्हणजे बॅलन्सर शाफ्ट. क्रँकच्या उलट दिशेने, तेवढ्याच वेगाने फिरणारा एक वजनदार दांडा. तो क्रँकवरच्या वजनाचा पुढे-मागेचा हिसका खोडून टाकतो. रॉयल एनफिल्डने २०२० मध्ये मिटिऑर ३५० मधून आणि २०२१ मध्ये क्लासिकमधून आणलेल्या नव्या इंजिनात असा बॅलन्सर आहे, आधीच्या ३४६ सीसी इंजिनात तो नव्हता. दोन्ही क्लासिक लागोपाठ चालवल्या तर फरक पहिल्या किलोमीटरात कळतो. ठोक्याची लय तशीच राहिली, थरथर बरीच गेली. काही जुन्या चाहत्यांना त्यात काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. रोज वीस किलोमीटर जाणाऱ्याच्या मनगटाला विचारलं तर त्याचं उत्तर वेगळं येईल.

आता दोन सिलिंडर शेजारी शेजारी ठेवले तर काय होतं ते पाहू. इथे क्रँकवर दोन पिस्टनांच्या जागा एकमेकांच्या तुलनेत कुठे ठेवायच्या, हा निर्णय अभियंत्याच्या हातात असतो, आणि तोच त्या गाडीचा स्वभाव ठरवतो. एडवर्ड टर्नर यांच्या १९३७ च्या ट्रायम्फ स्पीड ट्विनमध्ये दोन्ही पिस्टन एकदम वर आणि एकदम खाली जात. एका फेरीत एक पेटे, दुसऱ्या फेरीत दुसरा. ठोके ३६० अंशांच्या समान अंतरावर पडत, त्यामुळे आवाज सलग आणि गोल. पण दोन्ही पिस्टन बरोबरच हिसका देत असल्याने थरथर एका मोठ्या सिंगलसारखीच. इंग्लंडच्या कारखान्यांनी पुढे अनेक वर्षं हीच मांडणी वापरली.

दुसरी मांडणी म्हणजे एक पिस्टन वर असताना दुसरा खाली, म्हणजे १८० अंश. दोघांचे हिसके एकमेकांना बरेचसे खोडतात, म्हणून इंजिन मोकळेपणाने वरच्या फेऱ्यांकडे जातं. निंजा ३००, यामाहाची आर३ यांची मांडणी अशी आहे. पण इथे ठोके १८० आणि मग ५४० अंशांच्या अंतरावर पडतात. खालच्या फेऱ्यांवर आवाज थोडा कोरडा, घरघरता येतो. सात-आठ हजारांच्या पुढे मात्र तो एका ताणलेल्या सुरात मिसळतो आणि गाडी खऱ्या अर्थाने पळायला लागते. अशा गाडीवर शहरात चार-पाच हजारांवर रेंगाळणाऱ्याला ती मवाळ वाटते, आणि तो ‘हिच्यात दमच नाही’ असं म्हणतो. दम असतो, तो वर ठेवलेला असतो.

तिसरी मांडणी २७० अंशांची, आणि आजच्या ग्राहकाला ती सर्वाधिक भेटणार आहे. तिची गंमत कळण्यासाठी आधी व्ही-ट्विनकडे जायला हवं.

व्ही-ट्विनमध्ये दोन्ही पिस्टनचे दांडे बहुतेकदा क्रँकवरच्या एकाच खिळीला जोडलेले असतात, आणि सिलिंडरांमधला कोन सगळं ठरवतो. हार्लेचा पारंपरिक कोन ४५ अंशांचा. त्यामुळे तिचे ठोके एकदा ३१५ अंशांनी आणि एकदा ४०५ अंशांनी पडतात. जवळजवळ समान, पण पुरते समान नाहीत. निवांत चालू असताना ऐकू येणारी हार्लेची अडखळती, घोगरी लय त्या ९० अंशांच्या फरकातून येते. डुकाटीने १९७१ च्या सुमारास फाबिओ तालिओनी यांच्या रचनेपासून ९० अंशांचा कोन धरला. त्याचा फायदा वेगळाच आहे. एक पिस्टन टोकाला थांबून उलटा फिरत असतो तेव्हा दुसरा अधल्यामधल्या प्रवासात, सर्वाधिक वेगात असतो. क्रँकवरचं वजन एका पिस्टनचा हिसका पूर्ण खोडण्याइतकं ठेवलं, तर ते आडवं फिरल्यावर जो नवा हिसका देतं तो नेमका दुसऱ्या सिलिंडरच्या दिशेने असतो, आणि तिथला पिस्टन तो खोडतो. बॅलन्सर शाफ्ट न लावता मुख्य थरथर नाहीशी होते. आणि ठोके पडतात २७० व ४५० अंशांच्या अंतराने.

याच आकड्यांची नक्कल पॅरलल ट्विनमध्ये करता येते. दोन पिस्टनांच्या जागा क्रँकवर २७० अंशांनी वेगळ्या ठेवल्या की ठोके तंतोतंत ९० अंशांच्या व्ही-ट्विनसारखे पडतात. यामाहाने १९९५ च्या टीआरएक्स ८५० मध्ये हे मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या गाडीत आणलं. इंटरसेप्टरची दुडकी लय तिथून येते. डोळे मिटून ऐकणाऱ्याला व्ही-ट्विनचा भास होतो, तो काही उगाच होत नाही. फक्त थरथर तेवढी आपोआप खोडली जात नाही, म्हणून इंटरसेप्टरमध्ये बॅलन्सर शाफ्ट बसवावा लागला आहे.

मग कंपन्यांनी व्ही-ट्विन सोडून या मांडणीकडे मोर्चा वळवला, यात नवल नाही. व्ही-ट्विनला दोन स्वतंत्र हेड लागतात, व्हॉल्व्ह हलवणारी यंत्रणा दोनदा बनवावी लागते, आणि इंजिन पुढे-मागे लांब होतं. पॅरलल ट्विनमध्ये दोन सिलिंडरांना एकच हेड पुरतं. सुझुकीची ९० अंशांची व्ही-ट्विन एसव्ही ६५० १९९९ मध्ये आली आणि तिचंच इंजिन घेऊन व्ही-स्ट्रॉम ६५० उभी राहिली. आज सुझुकीच्या व्ही-स्ट्रॉम ८०० मध्ये २७० अंशांचं पॅरलल ट्विन आहे. होंडाची ट्रान्सआल्प १९८७ मध्ये व्ही-ट्विन म्हणून जन्मली, २०२३ मध्ये ती पॅरलल ट्विन होऊन परतली. भारतात तर व्ही-ट्विन हा मध्यम खिशाला फारसा परवडलेला पर्याय कधीच नव्हता. पुण्याच्या कायनेटिकने दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला कोरियाच्या ह्योसंगची अडीचशे सीसीची अक्विला आणली होती. तिची आठवण काढणारे लोक अजून भेटतात, गाड्या क्वचितच. हार्लेने २०२३ मध्ये भारतासाठी परवडणारी एक्स४४० आणली, तीही एका सिलिंडरची.

आपल्या हवेत व्ही-ट्विनचा आणखी एक प्रश्न आहे. पुढचा सिलिंडर वारा खातो आणि मागचा त्याच्या आडोशाला, चालवणाऱ्याच्या मांडीखाली तापत बसतो. हार्लेच्या मोठ्या हवा-थंड गाड्यांत गाडी उभी असताना इंजिन फार तापलं तर मागच्या सिलिंडरचं पेट्रोल आपोआप बंद करण्याची सोय द्यावी लागली आहे. मे महिन्यात ठाण्याच्या घोडबंदर रोडवर अर्धा तास अडकलेल्याला तिचं महत्त्व पटेल. याचा अर्थ व्ही-ट्विन वाईट असा नाही. ९० अंशांच्या चांगल्या व्ही-ट्विनची मोकळी, मऊ ओढ अनुभवलेला माणूस ती सहजासहजी सोडत नाही. पण रोजच्या वापरासाठी पहिलीच मोठी गाडी घेणाऱ्याने केवळ लयीच्या ओढीने तिच्याकडे जाऊ नये. ती लय आता निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत पॅरलल ट्विनमध्ये मिळते.

म्हणजे बहुतेकांसाठी खरी निवड उरते ती सिंगल की पॅरलल ट्विन. ती किती अटीतटीची झाली आहे हे पाहायला महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही. चाकणची ३९० ड्यूक आणि बारामतीत पियाजिओच्या कारखान्यात बनणारी एप्रिलियाची आरएस ४५७. पहिलीला एक सिलिंडर, दुसरीला २७० अंशांच्या मांडणीचे दोन. ताकद जवळपास सारखी, ४६-४७ हॉर्सपॉवर. वजनातला फरक सात किलोंच्या आसपास. मग दोन सिलिंडरांनी दिलं काय? ६००० फेऱ्यांवर ड्यूकमध्ये सेकंदाला ५० ठोके पडतात, प्रत्येक ३९९ सीसीचा. एप्रिलियामध्ये १०० पडतात, प्रत्येक सुमारे २२८ सीसीचा. ताकद तेवढीच, पण ती बारीक घोटांत येते. महामार्गावर ताशी शंभरला तासभर बसल्यावर पायदानातून आणि हँडलमधून येणारी झिणझिण ट्विनमध्ये कमी असते, आणि तिथून पुढे ओव्हरटेकसाठी अॅक्सिलरेटर पिळल्यावर इंजिन धापा टाकत नाही. गर्दीत मात्र हा फायदा निम्मादेखील उरत नाही.

त्यामुळे पहिला हिशेब तासांचा करावा, किलोमीटरचा नव्हे. समजा, साताऱ्यातला एक नोकरदार रोज शहरात जाऊन-येऊन १२ किलोमीटर गाडी चालवतो आणि वर्षातून दोनदा गोव्याला जातो. वर्षातले २८० कामाचे दिवस धरले तर शहरातले ३३६० किलोमीटर झाले. ताशी २५ च्या सरासरीने ते सुमारे १३५ तास. गोव्याच्या दोन फेऱ्यांचे १४०० किलोमीटर ताशी ७०च्या सरासरीने फक्त २० तास. याला वर्षातले १३५ तास हलकी, कमी तापणारी, अर्ध्या क्लचवर शांत राहणारी गाडी हवी आहे. क्लासिकसारख्या सिंगलने हे काम उत्तम होतं, आणि गोव्याचे वीस तास ताशी ८० च्या आत तीही आनंदाने काढते.

त्याचाच मित्र पुण्यात नोकरी करतो, ऑफिसला कंपनीच्या बसने जातो आणि दर पंधरा दिवसांनी पत्नीला घेऊन कोल्हापूरला आईवडिलांकडे जातो. एका बाजूचे सुमारे २३० किलोमीटर, वर्षाला चोवीस फेऱ्या, म्हणजे ११,००० किलोमीटर आणि दीडशेहून अधिक तास, सगळे महामार्गाचे, मागे माणूस बसलेलं, खंबाटकीचा चढ प्रत्येक वेळी. याने ट्विनसाठी जास्तीचे पैसे मोजले तर ते त्याच्या दीडशे तासांत पसरतात. २१८ किलोची इंटरसेप्टर पार्किंगमध्ये ढकलताना जड वाटेल, पण त्याच्या वर्षातले असे प्रसंग मोजकेच.

खर्चाच्या बाजूने तीन गोष्टी पक्क्या आहेत. ३५० सीसीची क्लासिक लिटरला ३५ च्या आसपास जाते तर ६५० ची इंटरसेप्टर २५ च्या आसपास. टॅपेट सेट करायला क्लासिकमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात, इंटरसेप्टरमध्ये आठ. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के, त्याच्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के आहे. त्यामुळे मोठ्या ट्विनकडे जाताना किमतीची पायरी पूर्वीपेक्षा उंच झाली आहे.

वेगाचा मोह होत असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला परवानगी नाही, समृद्धी महामार्गावरही नाही. राज्यातले सर्वात वेगवान रस्ते मोटारसायकलला बंद आहेत. जे उरतात ते जुने महामार्ग, गावं, दुभाजकातली वळणं आणि घाट. तिथे ताशी १४० ची क्षमता क्वचित लागते, पण ताशी ५० वरून ८० पर्यंतची खात्रीची उचल दिवसातून पन्नास वेळा लागते.

ती उचल टेस्ट राइडमध्येच तपासायची असते, आणि शोरूमभोवतीच्या दोन किलोमीटरच्या चकरेत ती कळत नाही. अर्धा तास मागून घ्यावा. इंजिन गरम झाल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० वर गाडी स्थिर करावी आणि क्लचला हात न लावता अॅक्सिलरेटर हळूहळू उघडावा. चेन खडखडली, गाडी हिसके देऊ लागली, तर गर्दीत या गाडीवर दुसऱ्या गिअरमध्ये जास्त वेळ जाणार हे समजावं. मग मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ताशी ८० आणि ९० वर प्रत्येकी पाच मिनिटं एकसारखं चालवावं. थरथर सगळ्या फेऱ्यांवर सारखी नसते. एखाद्या अरुंद पट्ट्यात ती अचानक वाढते आणि पुढे गेल्यावर कमी होते. तो पट्टा तुमच्या नेहमीच्या वेगावर येतो का, एवढंच पाहायचं. त्यासाठी हात सोडून काही अनुभवायची गरज नाही, आरशात पाहावं. मागच्या ट्रकच्या कपाळावरचं नाव वाचता येत असेल तर त्या वेगावर ही गाडी तासभर चालवता येईल. अक्षरं पुसट होऊन दुहेरी दिसू लागली, तर वेग पाच-दहाने बदलून पुन्हा पाहावं. ती कुठल्या वेगावर स्पष्ट होतात ते लक्षात ठेवावं, आणि मग दुसऱ्या गाडीवर बसून हेच पुन्हा करावं.